ग्रेगसाहेबांची नम्रता

जपानमधल्या साकाईच्या कुसाका सील कंपनीत उद्धटपणाबद्दल बोलणी खाल्लेली माणसं शोधली तर सापडली असती. फाजील नम्रपणाबद्दल मात्र तिथे कुणालाही कधी कुणी टोकलं नव्हतं. त्यामुळे तिथली माणसं व्यवहारी झाली होती. मनात शंका आली की एक पायरी खाली वाकायचं, शंका फिटली नाही तर आणखी एक. कागदावर सहीऐवजी नावाचा शिक्का मारतानासुद्धा हाताखालच्या माणसाचा शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे जरा कललेला असे, म्हणजे नावसुद्धा साहेबांपुढे कमरेत वाकलं आहे असं दिसावं. विभागप्रमुखांचा शिक्का थोडा कललेला, त्यांच्या हाताखालच्या तात्सुमीचा बराच कललेला, आणि सर्वांत शेवटी युआसाचा, तो तर जवळजवळ आडवाच.

युआसा तेइझो या कंपनीत भाषांतर करत असे. वय सहासष्ट. रीतसर निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण दर वर्षीच्या करारावर तो टिकून होता. पासष्टीपर्यंत कायद्याचा थोडा आधार होता. आता सगळा कंपनीच्या मर्जीचा मामला. मार्च संपताना नवा करार व्हायचा किंवा व्हायचा नाही, आणि त्यावर शिफारस लिहायची होती तात्सुमीला. पगार म्हणाल तर तुटपुंजा होता. युआसाला भीती होती ती खिडकीजवळचं टेबल जाण्याची. त्या टेबलावर त्याचे शब्दकोश होते, आणि शब्दकोशांच्या पलीकडे बसून आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं त्याला दिवसातून एकदोनदा वाटत असे. घरी तसं वाटण्याची सोय नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनहून ग्रेग नावाच्या गृहस्थांची मेल आली. लॉर्न मरीन पंप्स ही कंपनी जहाजांचे पंप बनवी आणि त्या पंपांतली सीलं, म्हणजे पाणी गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी, कुसाकाकडून घेई. कुसाकाच्या परदेशी जाणाऱ्या मालातला निम्मा माल एकट्या लॉर्नला जायचा. ग्रेग तिथला खरेदीप्रमुख. त्याने लिहिलं होतं की काही सीलांना समुद्रात तडे गेले आहेत. सात मार्चपर्यंत आपण लेखी स्पष्टीकरण पाठवू शकलात तर मी अत्यंत आभारी राहीन. तसं न झाल्यास आम्हाला अन्य व्यवस्थेचा विचार करणं भाग पडेल, याचा मला खेद होतो.

युआसाने मेल वाचली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. उमेदीच्या काळात तो कोबेला एका जहाज कंपनीत होता. तिथे त्याला कळलं होतं की ब्रिटिश माणूस रागावला की आभार मानायला लागतो, आणि खेद व्यक्त केला की समजावं, चाकू म्यानातून निघाला आहे.

आता हे जपानीत कसं आणायचं? बोलणाऱ्याने आपल्याला किती खाली न्यायचं आणि ऐकणाऱ्याला किती वर चढवायचं, हे ठरल्याशिवाय जपानीत साधं 'मी येतो' म्हणता येत नाही. एकाच येण्याला तीन पोशाख. मित्राकडे नुसतं यायचं, मोठ्या माणसाने पधारायचं, आणि मोठ्याकडे आपण सेवेला हजर व्हायचं. ग्रेग तर गिऱ्हाईक होता. जपानात गिऱ्हाईक देवाच्या पायरीवर बसतं, आणि देव काही 'आभारी राहीन' म्हणून हात जोडत नाही. तो सभ्य बोलतो, पण ताठ बसून. इंग्रजीतल्या आभाराच्या जागी जपानीत आभार ठेवला तर शब्द जुळले असते, माणूस मात्र जागचा हलला असता. देव्हाऱ्यातून उठून उंबरठ्याबाहेर चपलांजवळ येऊन बसला असता.

म्हणून युआसाने रागावलेलं जपानी गिऱ्हाईक लिहील तसं लिहिलं. 'सात मार्चपर्यंत लेखी स्पष्टीकरण द्यावे. न मिळाल्यास यापुढील व्यवहाराचा फेरविचार करणे आम्हांस भाग पडेल.' मग तीनदा वाचलं, आपण फार तर तोडत नाही ना म्हणून घाबरला, चौथ्यांदा वाचलं आणि आडवा शिक्का मारून, मालक कुसाकासाहेबांकडे धाडण्यासाठी, तात्सुमीकडे दिलं.

तात्सुमी चव्वेचाळीस वर्षांचा होता. माणूस वाईट नव्हता. साहेब खोकले तर तो खिडकी बंद करायचा, साहेबांनी घाम पुसला तर उघडायचा, आणि साहेब दोन्ही एकदम करतील या भीतीने दिवसभर खिडकीजवळ असायचा.

"अहो युआसासान," तो म्हणाला, "'द्यावे' काय? हे कुसाकासाहेब वाचणार आहेत."

"हो. त्यांच्यासाठीच केलंय."

"मग? साहेबांना तुम्ही 'द्यावे' म्हणणार?"

"मी नाही म्हणत. ग्रेग म्हणतोय."

"शिक्का कुणाचा आहे?"

युआसाने कागदाकडे पाहिलं. शिक्का त्याचाच होता.

"ग्रेग ॲबरडीनला बसलाय," तात्सुमी समजावून सांगू लागला. "त्याला काय जातंय? साहेब उद्या जिन्यात भेटणार ते मला. आणि मूळ इंग्रजीत बघा ना, आभारी राहीन म्हणतोय, अत्यंत आभारी. एवढं गोड बोलणाऱ्या माणसाला तुम्ही फौजदार करून टाकलंत. हे भाषांतर आहे की चुगली?"

"इंग्रजीत ती... म्हणजे तशी पद्धत आहे. राग आला की..."

"राग आला की माणूस आभार मानतो?"

"हो."

"मग माझी बायको माझ्यावर खूपच प्रसन्न म्हणायची," तात्सुमी म्हणाला. बाजूच्या टेबलावरची माणसं हसली. युआसाही हसला, कारण तात्सुमी त्याच्याकडे बघत होता.

युआसाच्या मनात अजून एक वाक्य होतं. भाषांतरात माझी आणि साहेबांची पायरी बघायची नसते, ग्रेगची आणि साहेबांची बघायची असते. एवढंच ते वाक्य. पण ते मनात तयार होऊन, दोनदा तपासून, ओठांपर्यंत येईतो तात्सुमीची लाल पेन्सिल कागदावर फिरलेली होती. 'द्यावे'चं 'देण्याची कृपा झाल्यास धन्य होऊ' झालं. तारीख फार अंगावर येत होती म्हणून 'सात मार्चच्या सुमारास' झालं. 'भाग पडेल'च्या आधी 'सांगायलाही संकोच वाटतो, परंतु' आलं. पुढे विभागप्रमुखांनी ते पाहिलं. सगळे वाकले आहेत आणि आपणच कसे ताठ, असं वाटून त्यांनीही दोन ओळी घातल्या. एक साहेबांच्या प्रकृतीविषयी, आणि दुसरी ऋतुबदलाविषयी.

कुसाकासाहेबांच्या टेबलावर कागद पोचला तेव्हा ग्रेग चटईवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून बसला होता.

साहेब खूश झाले. यंत्राने केलेलं भाषांतर त्यांना मुळीच खपत नसे. ते सगळ्यांशी स्टेशनवरच्या घोषणेसारखं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत सगळे कामगार रांगेत उभे असताना साहेबांनी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला.

"बघा," ते म्हणाले. "परदेशी माणूस आहे. आपली सीलं तडकलीत, तरी तक्रारीचा एक शब्द नाही. उलट माझ्या तब्येतीची चौकशी. नाहीतर आपली हल्लीची पोरं. याला म्हणतात संस्कार."

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. तात्सुमीने मान खाली घातली, त्यातच त्याचा अभिमान दिसत होता. युआसा मागच्या रांगेत होता. त्याने टाळ्या वाजवल्या का, हे त्याला नंतर आठवेना. बहुधा वाजवल्या असाव्यात.

तड्यांचा तपास कारखान्याकडे गेला, पण 'सवडीने पाहावे' असा शेरा घेऊन. इतका सुसंस्कृत माणूस घाई करत नाही, असं सर्वांचं मत पडलं. ग्रेगला साहेबांतर्फे कागदी पंख्यांची पेटी पाठवण्याचं ठरलं. सात मार्च आला आणि गेला. पंखे मात्र त्याच दिवशी पोचले.

घरी युआसाने बायकोला हे सांगितलं. नोबुए सुरीने मुळा चिरत होती. ती ओसाकाच्या बाजारपेठेत वाढलेली, तिच्या बोलण्यात पायऱ्या फारशा नसत.

"तुम्ही मला मागणी घातलीत तेव्हाही असंच झालं होतं," ती म्हणाली. "बाबांशी एवढे अदबीने बोललात की त्यांना वाटलं, पोरगा नकार देतोय. दोन दिवस घरात सुतक. शेवटी मीच जाऊन सांगितलं, तो हो म्हणतोय म्हणून."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? अर्थ तुमच्या पोटात, शब्द भलतीकडेच." तिने मुळा बाजूला सारला. "करार होईल ना पण?"

"होईल असं वाटतं. तात्सुमीशी बिनसलं नाही तर."

"मग बिनसू नका. आणि घरी बसायची वेळ आलीच तर ते शब्दकोश तिकडेच ठेवून या. इथे जागा नाही."

दहा मार्चला ग्रेगची दुसरी मेल आली. पहिलीपेक्षा दुप्पट सभ्य. आपण किती व्यग्र असाल याची मला पूर्ण कल्पना आहे. पंख्यांबद्दल मनःपूर्वक धन्यवाद, ते फारच सुंदर आहेत. शुक्रवार, चौदा तारखेपर्यंत आपलं स्पष्टीकरण हाती आलं तर मी आपला कमालीचा ऋणी राहीन. दीर्घकाळच्या या संबंधांची मला नेहमीच कदर राहील.

"राहील," युआसा पुटपुटला. जिवंत संबंधांची कुणी अशी कदर करत नाही. हे श्रद्धांजलीचं वाक्य होतं.

तात्सुमीने मागून डोकावून पाहिलं. त्याला इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येई, म्हणजे शब्द वाचता येत. "बघा, पंखे आवडले. आता तर तो ऋणी राहतोय. या वेळी 'द्यावे-बिवे' नको हं, युआसासान. साहेब परवा सभेत वाचणार आहेत, मागच्यासारखंच हवंय. आणि तुमच्या कराराचा कागद माझ्याकडे आलाय. सहज आठवलं म्हणून सांगितलं."

सहज आठवलेली गोष्ट सहज सांगून तो खिडकीकडे गेला.

युआसा दुपारपर्यंत तसाच बसून राहिला. तात्सुमीला हवं तसं लिहिणं अवघड नव्हतं. पाच मिनिटांचं काम. चटई अंथरलेली होतीच, ग्रेगला पुन्हा तिच्यावर बसवलं की झालं. आणि कोण जाणे, आपलीच समजूत चुकीची असली तर? कोबे सोडून जमाना झाला. हल्लीचे ब्रिटिश कदाचित खरंच आभार मानत असतील. त्याने पुन्हा मेल वाचली. नाही. 'कमालीचा ऋणी' हे कुणी हसून लिहिलेलं नव्हतं.

शेवटी त्याने लिहायला घेतलं. एकही शिवी नको, एकही ओरखडा नको. सभ्य, कोरडं, ताठ. आपल्याला 'आम्ही' म्हणताना शिरस्त्यापुरतं खाली यायचं, समोरच्या कंपनीचा उल्लेख शिरस्त्यापुरता आदराने करायचा, आणि त्यापलीकडे एक इंच वाकायचं नाही. पंख्यांचे आभार एका ओळीत. मग, 'दि. १४ मार्च, शुक्रवारपर्यंत लेखी स्पष्टीकरण द्यावे. आजवरच्या संबंधांचा विचार करून ही अखेरची मुदत देण्यात येत आहे.'

'अखेरची' हा शब्द मूळ मेलमध्ये नव्हता. युआसा त्या शब्दाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मूळ मेलमध्ये तो कुठेही नव्हता आणि सगळीकडे होता. त्याने तो खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. मग ठेवला.

हे तात्सुमीकडे दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याला ऋतुवर्णनाची झालर लागली असती. म्हणून युआसाने ती गोष्ट केली, जी या कंपनीत आग लागल्याशिवाय कुणी करत नसे. वरच्या दोघांना ओलांडून तो थेट साहेबांकडे गेला.

कुसाकासाहेब कामगारांच्याच खानावळीत जेवत. कोपऱ्यातल्या टेबलावर, तळलेल्या तोफूचा उदोन, म्हणजे जाड शेवयांचा रस्सा, रोज. त्या टेबलाच्या आसपास बसायला कुणी धजत नसे, म्हणून साहेबांना वाटायचं की खानावळीत गर्दी कमी झाली आहे.

"माफ करा," युआसा म्हणाला. मग कमरेत वाकला. "लॉर्नची मेल आहे. आपण आत्ता पाहिलीत तर बरं होईल."

"अरे, आपला ग्रेग का?" साहेबांनी हसून कागद घेतला. दुसऱ्या हातात चॉपस्टिक होत्याच.

साहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तरुणपणी पिशवीत सीलं घालून ते कारखान्यांच्या दारोदार फिरले होते. रागावलेल्या गिऱ्हाइकांसमोर किती वेळा उभे राहिले असतील, त्याला गणती नाही. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग चॉपस्टिक वाटीवर आडव्या ठेवल्या गेल्या. मग पाठ सरळ झाली. शेवटच्या ओळीपर्यंत डोळे पोचले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताने, त्यांच्याही नकळत, कोटाचं बटण लावलं होतं.

युआसा ते बटण पाहत होता. इतक्या वर्षांत आपल्या भाषांतराला मिळालेली ही पहिली खरी दाद, असं त्याला वाटलं.

"हा ग्रेग म्हणतोय?"

"हो."

"त्याच माणसाने मागे माझ्या तब्येतीची चौकशी केली होती."

"ती... ती मुळात नव्हती. मागच्या मेलचा सूरही असाच होता. मुदत सात तारखेची होती."

खानावळीत थाळ्यांचा आवाज चालू होता. साहेबांनी वाटी बाजूला सारली.

"म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं राहून ओरडत होतं," ते हळूच म्हणाले, "आणि मी तुम्हा लोकांना सांगत होतो की बघा, किती छान गातोय."

"पहिला शिक्का माझाच होता," युआसा म्हणाला. हे न सांगताही चाललं असतं, पण ते त्याला सुचलं नाही.

साहेब उदोन अर्धा टाकून उठले. त्या दिवसापासून कारखान्यात जी धावपळ झाली ती सांगत बसण्यात अर्थ नाही. रबराच्या एका खेपेत दोष सापडला. अहवाल तयार झाला, साहेबांचं माफीपत्र तयार झालं, युआसाने दोन्हींचं इंग्रजी केलं. माफीपत्रात साहेब खरोखरच कपाळ टेकवत होते. ती त्यांची योग्य जागा होती, पण इंग्रजीत एवढं लोटांगण घातलं तर समोरच्याला वाटतं की अजून काहीतरी लपवलं आहे. म्हणून युआसाने त्यांना उठवून नीट उभं केलं. एकदा माफी, मग कारण, मग उपाय. शुक्रवारी सगळं रवाना झालं. ॲबरडीनचा शुक्रवार साकाईपेक्षा उशिरा संपतो, तेवढीच देवाची कृपा. लॉर्नने निम्मी ऑर्डर कोरियाला दिलीच होती. उरलेली निम्मी राहिली.

सोमवारच्या सभेत साहेबांनी तात्सुमीच्या विभागाचे आभार मानले. विभागाने वेळीच धोका ओळखला म्हणून. तात्सुमी पुढे होऊन वाकला. शिवाय साहेबांनी नवा नियम केला, की यापुढे परदेशातून येणारी प्रत्येक मेल कडक भाषेतच आणायची. त्या आठवड्यात हॉलंडच्या एका कंपनीने आपल्या कार्यालयाच्या नव्या पत्त्याची माहिती पाठवली. तात्सुमीने ती अशी आणली, 'आमचा पत्ता बदलला आहे. नोंद घ्यावी. हयगय चालणार नाही.' साहेबांनी ताबडतोब हॉलंडला माफीपत्र धाडलं.

महिना संपत आला तेव्हा तात्सुमीने युआसाला छोट्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. स्वतः चहा ओतला. दार लावून घेतलं.

"युआसासान, आपण आलात, फार बरं वाटलं," तो म्हणाला.

'आपण' ऐकताच युआसाला निकाल कळला.

"इतकी वर्षं आपण या कंपनीवर जी कृपा केलीत, तिची परतफेड आमच्यासारख्यांच्या हातून होणं शक्य नाही. आपल्या अनुभवाच्या सावलीत आम्ही अजून बसलो असतो, परंतु आपल्या विश्रांतीच्या आड येणं हा आमच्याकडून अपराध होईल. सांगायलाही संकोच वाटतो, परंतु नव्या वर्षी आपल्याला पुन्हा त्रास देण्याचं धाडस आम्ही करू नये, असा नम्र विचार झाला आहे."

युआसा कान देऊन ऐकत होता. सवयच ती. कुठे क्रियापद चुकतंय का, कुठे स्वतःलाच आदर दिला जातोय का, हे तो शोधत राहिला. कुठेही चूक नव्हती. 'अहो युआसासान' म्हणून खेकसणारा तात्सुमी त्याला आपला वाटायचा. हा समोरचा माणूस मात्र फार लांबून बोलत होता, आणि लांब उभं राहण्यासाठीच तर इतकी चांगली भाषा लागते.

"समजलं," युआसा म्हणाला. "बोलणं सुरेख जमलंय."

तात्सुमीने वाकून पुन्हा चहा ओतला.

शेवटच्या दिवशी युआसा शब्दकोश खोक्यात भरत होता. नोबुएला काय सांगायचं, हे त्याने अजून ठरवलं नव्हतं. इतक्यात तात्सुमी हातात कागद घेऊन धावत आला.

"अहो युआसासान, हे बघा जरा. ग्रेगची मेल. अहवालाला उत्तर आलंय आणि नुसतं 'ठीक, धन्यवाद' लिहिलंय. खाली सहीला पहिल्या नावाचं 'ए' एवढंच. वर नाव नाही, 'आदरणीय' नाही, काहीच नाही. तुटलं का सगळं?"

युआसाने चष्मा लावून कागद पाहिला.

"नाही. खूश आहे तो."

"एवढ्यात?"

"राग गेला. आता तो आपल्याला घरचं समजतोय. घरच्या माणसाला कोण आदरणीय म्हणतं?"

"मग हे साहेबांकडे कसं पाठवू? कडक आणू की नम्र?"

युआसाने खरोखरच विचार केला. दोन कंपन्यांमध्ये इतकं थोडं आणि इतकं मोकळं बोलायची जपानीत जागाच नव्हती. कुठल्याही पायरीवर बसवलं तरी हे वाक्य अवघडलं असतं.

"पाठवू नका," तो म्हणाला. "जाऊन सांगा. ग्रेग खूश आहे म्हणून."

"कागदाशिवाय? तोंडी? मी?"

"चार पावलं तर आहेत."

तात्सुमी साहेबांच्या दारापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ उभा राहिला. टाय सरळ केला. मग परत येऊन आपल्या टेबलावर बसला आणि लिहू लागला. युआसाचं खोकं बांधून होईतो त्याच्या अकरा ओळी झाल्या होत्या. त्याने कागद युआसापुढे धरला.

युआसाने उभ्याउभ्याच वाचलं. ग्रेगला साहेबांच्या अहवालाने गहिवरून आलं होतं आणि साकाईच्या चेरीच्या कळ्यांची त्याला आठवण येत होती.

"कसं झालंय?" तात्सुमीने विचारलं.

"भाषा निर्दोष आहे," युआसा म्हणाला, आणि खोकं उचललं.